लाँड्रीचं दरपत्रक मराठीत आणताना: कपड्यांची नावं, अर्जंटचा दर आणि भरपाईची ओळ

लाँड्रीचं इंग्रजी दरपत्रक भाषांतराला येतं तेव्हा बहुतेक वेळा एकच पान हातात पडतं. डावीकडे कपड्यांची नावं, उजवीकडे दर आणि तळाशी अर्जंटची एक ओळ. ते सोपं वाटतं, पण काम त्या पानापुरतं नसतं. दुसरा कागद म्हणजे बिलाची मागची बाजू. कपडा हरवला, आटला किंवा जळला तर काय होईल, हे तिथे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. या दोन्ही कागदांचा एकमेकांशी हिशेब लागतो, कारण भरपाई बहुधा धुलाईच्या दराच्या पटीत मोजली जाते. म्हणून पुढचं पान घेताना मागचंही मागून घ्यावं आणि दोन्ही एकत्रच करावीत.

इथे उदाहरण धरलं आहे ते पुण्यातल्या एखाद्या गल्लीतल्या दुकानाचं. काउंटरवर मराठी गिऱ्हाईक, दरपत्रक इंग्रजीत, आणि मालकाला भिंतीवरचा बोर्ड व बिल दोन्ही मराठीत हवं आहे. पुढचे दर फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

पहिली पायरी: भरलेलं बिल आणि काउंटरवरचा अर्धा तास

कोरं बिल पुरत नाही. आठ-दहा भरलेल्या बिलांच्या झेरॉक्स मागाव्यात, गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर झाकून. दरपत्रकात न लिहिलेल्या गोष्टी त्यावर दिसतात. कोट-पँट एक नग मोजतात की दोन? पंजाबी ड्रेसची ओढणी वेगळी धरतात का? साडीबरोबर ब्लाउज आणि परकर आला तर बिलावर किती ओळी पडतात? शक्य असेल तर संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, काउंटरपाशी अर्धा तास थांबावं. लोक तिथे 'ड्रायक्लीनला द्यायचंय', 'अर्जंट पाहिजे', 'खळ कमी घाला', 'नुसती इस्त्री' असं बोलतात. दरपत्रकात हेच शब्द यायला हवेत.

त्यामुळे 'कोरडी धुलाई' टाळावी. ती बोलण्यात नाही, आणि तिच्यामुळे चुकीची समजूतही होते. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा कोरडा राहत नाही, तो पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावणात पूर्ण भिजतो. त्या द्रावणात तेलकट डाग चांगले निघतात, पण घाम, चहा, सरबत असे पाण्यात विरघळणारे डाग नुसत्या त्यानेच जातील असं नाही. 'ड्रायक्लीनिंग' हाच शब्द ठेवावा. 'वॉश अँड आयर्न'ला 'धुऊन इस्त्री', 'वॉश अँड फोल्ड'ला 'धुऊन घडी', 'स्टार्च'ला 'खळ' आणि 'डार्निंग'ला 'रफू' असे नेहमीचे शब्द आहेतच. एका ओळीवर मात्र लक्ष ठेवावं. 'डाइंग' हा शब्द इंग्रजी दरपत्रकांत स्पेलिंग चुकवून मरणाच्या अर्थाने छापलेला सापडतो. तिथे 'कपडा रंगवणे' लिहायचं आणि मालकाला मूळ छपाईतली चूकही दाखवायची.

दुसरी पायरी: कपड्यांची नावं

इथे अडचण अवघड शब्दांची नसते. दोन्ही भाषांत सारखे ऐकू येणारे पण वेगळ्या वस्तूंचे शब्द खरा घोळ घालतात.

'जॅकेट' घ्या. इंग्रजी दरपत्रकात ते बाह्यांचं, थंडीचं किंवा चामड्याचं असतं. मराठीत 'जाकीट' म्हटलं की कुर्त्यावर घालायचं बिनबाह्यांचं डोळ्यांपुढे येतं. दोघांच्या दरात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून 'जॅकेट (बाह्यांचे)' आणि 'जाकीट (बिनबाह्यांचे)' अशा दोन ओळी कराव्यात. मुळात एकच ओळ असेल तर ती कोणत्या कपड्याची, हे मालकाला विचारावं. थ्री पीस सुटातला वेस्टकोट म्हणजे कोटाच्या आतलं जाकीट. 'वेस्ट' मात्र आपल्याकडे बनियन.

'सूट'चंही तसंच. पुरुषांच्या यादीत टू पीस म्हणजे कोट-पँट आणि थ्री पीस म्हणजे त्यात जाकीट वाढलं. स्त्रियांच्या यादीत तोच 'सूट' म्हणजे सलवार, कमीज, ओढणी. आपल्याकडे त्याला 'पंजाबी ड्रेस' म्हणतात किंवा नुसतं 'ड्रेस'. मग मूळ यादीतला 'ड्रेस' काय? तो वन पीस किंवा फ्रॉक. म्हणजे 'सूट'च्या जागी 'पंजाबी ड्रेस' आणि 'ड्रेस'च्या जागी 'वन पीस', अशी अदलाबदल करावी लागते. 'गाऊन'लाही शेपूट जोडावं. घरात घालायचा गाऊन धुऊन इस्त्रीच्या यादीत, समारंभाचा ड्रायक्लीनच्या यादीत. 'ब्लाउज' म्हटलं की साडीवरचा. शर्टासारखा असेल तर 'टॉप' लिहावं.

अंथरुणा-पांघरुणांत फारच सांभाळावं. 'बेडशीट'चं 'चादर' करणं अगदी साहजिक वाटतं. पण मराठी घरात चादर म्हणजे सोलापुरी चादरही असते, जाड विणीची आणि वजनदार. ती पाणी धरते आणि वाळायला वेळ घेते. गिऱ्हाईक बेडशीटच्या दरात सोलापुरी चादर पुढे करतं आणि काउंटरवर रोज तोच वाद होतो. 'बेडशीट (पलंगावरची पातळ)' आणि 'चादर (सोलापुरी, जाड)' असं स्पष्ट लिहावं, आणि दुसरीचा दर मालकाकडून घ्यावा. 'क्विल्ट'चं रजई, दुलई की गोधडी, हाही दराचाच प्रश्न आहे. रजईत कापूस भरलेला असतो. गोधडी जुन्या साड्यांचे थर हाताने शिवून केलेली असते, त्यामुळे एकाच गोधडीतल्या एका तुकड्याचा रंग दुसऱ्याला लागू शकतो. दुकान गोधडी घेतच नसेल, तर तसं लिहिलेलं बरं.

'हेवी' या शब्दाचे एकाच पानावर दोन अर्थ असतात. ब्लँकेटपुढे तो वजनाचा, साडीपुढे कामाचा. दोन्हीकडे 'जड' लिहिलं तर नऊवारी साडी आणणाऱ्या बाई आपली साडी जड धरायची की नाही याचा विचार करत उभ्या राहतील. ब्लँकेटपुढे 'जाड' आणि साडीपुढे 'भरजरी / वर्कची' लिहावं. 'सिल्क'ही असाच. बोलण्यात कितीतरी कृत्रिम धाग्याच्या साड्यांनाही सिल्कच म्हणतात. मूळ दर खऱ्या रेशमाचा असेल तर 'रेशमी (पैठणी, शालू इ.)' अशी ओळखीची उदाहरणं जोडावीत.

बाकी नावांवर वेळ घालवू नये. शर्ट, पँट, टाय, स्वेटर, शाल, पडदा यांना दुसरे शब्द शोधण्याची गरज नाही. फक्त पडद्यापुढे 'अस्तराचा' आणि 'बिनअस्तराचा' हा फरक लिहावा, आणि प्रत्येक ओळीत एकक लिहावं: नग, जोड, सेट, किलो की चौरस फूट. चुकीच्या शब्दापेक्षा न लिहिलेल्या एककामुळे जास्त भांडणं होतात.

तिसरी पायरी: अर्जंटचा दर

मूळ ओळ साधारण अशी असते: दुसऱ्या दिवशी हवं असेल तर ५० टक्के जादा, त्याच दिवशी हवं असेल तर १०० टक्के जादा. शब्दाला शब्द लावला तर '१०० टक्के जादा' वाचून काहींना तो पूर्ण दर वाटतो, काहींना त्याच्यावर आणखी काही. मराठीत यासाठी दीडपट, दुप्पट, सव्वापट असे तयार शब्द आहेत. ते वापरावेत आणि शेजारी एक रक्कम लिहून दाखवावी:

दुसऱ्या दिवशी: दीडपट दर (₹४०० ऐवजी ₹६००)
त्याच दिवशी: दुप्पट दर (₹४०० ऐवजी ₹८००)

'एक्सप्रेस' की 'अर्जंट', याचा फार विचार करू नये. काउंटरवर 'अर्जंट' म्हणतात, तोच शब्द घ्यावा.

वेळेच्या शब्दांना मात्र हिशेब लागतो. '२४ तासांत' आणि 'दुसऱ्या दिवशी' एक नव्हे. शनिवारी संध्याकाळी सहाला दिलेला कोट २४ तासांत म्हणजे रविवारी सहाला. रविवारी दुकान बंद असेल तर काय? म्हणून मालकाला तीन प्रश्न विचारावेत. किती वाजेपर्यंत दिलेला कपडा त्या दिवसाचा धरला जातो? सुट्टीचा दिवस मोजतात का? कोणते कपडे अर्जंटमध्ये घेत नाहीत? उत्तरं आली की ओळ अशी होते: 'सकाळी ११ च्या आत दिलेला कपडा त्याच दिवशी संध्याकाळी ७ नंतर मिळेल. रविवार धरला जात नाही. चामडं, पडदे आणि भरजरी कपडे अर्जंटमध्ये घेतले जात नाहीत.'

अर्जंटचे पैसे घेऊन कपडा वेळेत दिला नाही तर जादा रक्कम परत मिळेल का, यावर मूळ कागद बहुधा गप्प असतो. आपण स्वतःहून ते वाक्य घालू नये. मालकाला विचारावं. तो हो म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घेऊन लिहावं, नाही म्हणाला तर जागा तशीच सोडावी.

चौथी पायरी: हरवणं, बिघडणं आणि भरपाई

आता बिलाची मागची बाजू. तिथली नेहमीची ओळ अशी असते: कपड्याच्या लॉस किंवा डॅमेजबद्दल दुकानाची लायबिलिटी चार्जेसच्या दहापटीपेक्षा किंवा कपड्याच्या किमतीपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त असणार नाही. याचं पहिलं भाषांतर बहुधा असं येतं: 'कोणत्याही नुकसान किंवा हानीसाठी दुकानाची जबाबदारी शुल्काच्या दहापटीपेक्षा किंवा कपड्याच्या किमतीपेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, अधिक असणार नाही.' या एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली, 'लॉस' म्हणजे इथे नुकसान नाही, हरवणं. 'नुकसान किंवा हानी' म्हणजे एकच गोष्ट दोनदा झाली, आणि कपडा गहाळ झाल्याचा मुद्दा वाक्यातून निसटला. दुसरी, 'जबाबदारी'. मराठी वाचकाला यातून दुकान जबाबदारी घेतं की झटकतं, एवढंच कळतं. किती पैसे मिळतील ते कळत नाही. इथे 'भरपाई' हवं. तिसरी, 'शुल्काच्या दहापट' म्हणजे कशाच्या? पूर्ण बिलाच्या की त्या एका कपड्याच्या? आणि अर्जंटमध्ये दिला असेल तर ₹४०० च्या की ₹६०० च्या? भरपाई पहिल्यात ₹४,००० पर्यंत, दुसऱ्यात ₹६,००० पर्यंत जाते. मूळ इंग्रजीतच हे स्पष्ट नसेल तर मालकाकडून ठरवून घ्यावं लागतं.

मालकाने 'त्या कपड्याचा साधा दर' असं उत्तर दिलं, असं धरू. मग ओळ अशी: 'कपडा हरवला किंवा दुकानात खराब झाला, तर त्या कपड्याच्या साध्या दराच्या जास्तीत जास्त दहापट, किंवा कपड्याची त्या वेळची किंमत, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिथपर्यंत भरपाई मिळेल.' 'जास्तीत जास्त' आणि 'तिथपर्यंत' हे शब्द गाळू नयेत. 'दहापट भरपाई दिली जाईल' असं लिहिलं की बटण तुटल्यावरही गिऱ्हाईक दहापट मागेल, आणि त्या मराठी वाक्याप्रमाणे त्याचं बरोबरही असेल.

हिशेब करून पाहावा. शर्टाचा ड्रायक्लीन दर ₹८०, दहापट ₹८००. शर्टाची आजची किंमत ₹६००. कमी रक्कम ₹६००, म्हणून मर्यादा तीच. पैठणीचा दर ₹४००, दहापट ₹४,०००, किंमत ₹१८,०००. मर्यादा ₹४,०००. हे वाचून पैठणीवाल्या बाई दचकतील. पण ते वाक्य मवाळ करणं भाषांतरकाराचं काम नाही आणि लपवणंही नाही. महागाचा कपडा देण्याआधीच हे कळलेलं बरं.

याच पानावरचा दुसरा सापळा 'ओनर्स रिस्क'चा. 'मालकाच्या जोखमीवर' असं लिहिलं की मराठी वाचक काउंटरमागे बसलेल्या मालकाकडे बघतो, आणि अर्थ पूर्ण उलटा होतो. इथे मालक म्हणजे कपड्याचा मालक. 'खिशात राहिलेले पैसे, दागिने, कागद यांची जोखीम गिऱ्हाइकाची' असं सरळ लिहावं.

तिसरा सापळा तक्रारीच्या मुदतीचा. 'कपडा नेल्यापासून २४ तासांनंतर तक्रार करता येणार नाही' असं लिहिलं की गिऱ्हाइकाचा हक्कच संपल्यासारखं वाटतं. तो दुकानाचा नियम आहे, कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि गिऱ्हाईक जिथे राहतं किंवा काम करतं तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणून 'पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातच' ही ओळही मूळ कागदात आहे तेवढीच ठेवावी, स्वतःचा जोर वाढवू नये. नेमकं भाषांतर असं: '२४ तासांनंतर आलेली तक्रार दुकान विचारात घेणार नाही.' यात कर्ता दुकान आहे, आणि वाक्य खरं तितकंच बोलतं. त्याच कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करार ही वेगळी संज्ञा आहे, आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी ती जपायची असते. अशा कागदावर 'कोणत्याही परिस्थितीत दुकान जबाबदार नाही' अशी ओळ दिसली तर तिचं भाषांतर जसंच्या तसं करावं, आणि मालकाला वेगळ्या चिठ्ठीवर सुचवावं की वकिलाला एकदा दाखवा.

आता बिघाडाचे शब्द. 'रंग गेला' मराठीत दोन्हीकडे चालतं, पण काउंटरवर दोन वेगळे वाद असतात. रंग 'उडला' म्हणजे कपडा फिका पडला. रंग 'सुटला' म्हणजे कपड्यातून बाहेर आला, आणि 'लागला' म्हणजे शेजारच्या कपड्यावर बसला. दुकान जबाबदारी नाकारतं ती बहुधा सुटण्याची, कारण रंग कच्चा असणं कापडाचा दोष. लागण्याचा दोष दुकानाचा असू शकतो, कारण कपडे एकत्र टाकणं त्याच्या हातात होतं. या जागी 'रंग जाणे' लिहिलं तर दुकानाचा दोषही जबाबदारी नाकारलेल्या गोष्टींच्या यादीत जातो. 'श्रिंकेज'ला 'आटणे', 'स्कॉर्च'ला 'करपणे'. जरीला 'काळी पडणे'. 'नॉर्मल वेअर अँड टेअर' म्हणजे 'वापराने आलेला विरलेपणा'. 'लेटंट डिफेक्ट'ला शब्द शोधत बसू नये. 'कापडातच असलेला, वरून न दिसणारा दोष' लिहावं.

टिकल्या, मणी, खड्यांच्या ओळीचं कारणही कळून घ्यावं, म्हणजे भाषांतर ठाम होतं. काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि डिंकाने चिकटवलेले खडे ड्रायक्लीनच्या द्रावणात मऊ पडतात किंवा सुटतात, म्हणून दुकान त्यांची हमी देत नाही. कपड्याच्या आतल्या धुलाईच्या पट्टीवर वर्तुळावर फुली असेल, तर तो कपडा ड्रायक्लीनला देऊच नये असा त्याचा अर्थ. 'केअर लेबल न पाळल्यास' अशी ओळ आली तर 'आतली धुलाईची पट्टी' लिहावं, नाहीतर गिऱ्हाईक किमतीची पट्टी शोधेल. डागांच्या ओळीत 'प्रयत्न' हा शब्द राहू द्यावा: 'डाग काढण्याचा प्रयत्न केला जाईल, तो पूर्ण जाईलच अशी हमी नाही.'

न नेलेल्या कपड्यांची ओळ करताना मुदत कुठून मोजायची ते लिहावं. 'बिलावरच्या तारखेपासून ३० दिवस' म्हटलं तर कपडा दिल्याची तारीख की तयार होण्याची? 'बिलावर लिहिलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून' असं असावं.

शेवटची तपासणी

मूळ कागद न पाहिलेल्या माणसाला मराठी पत्रक द्यावं आणि सांगावं: दोन शर्ट आणि एक कोट-पँट, दुसऱ्या दिवशी हवेत, बिल काढ. शर्ट ₹८०, कोट-पँट ₹३००. बरोबर उत्तर ₹१६० अधिक ₹३००, म्हणजे ₹४६०, त्याचं दीडपट ₹६९०. जीएसटी वेगळा असेल तर तो वर. त्याने कोट आणि पँट वेगळे धरून ₹७६० च्या दीडपट ₹१,१४० काढले, तर 'सेट' हा शब्द ओळीत पुरेसा दिसत नाही असं समजावं. मग त्यालाच विचारावं: ₹१८,००० ची पैठणी हरवली तर किती मिळतील? पूर्ण ₹१८,००० असं उत्तर आलं तर भरपाईची ओळ पुन्हा लिहायला घ्यावी.

आकडे देवनागरी की इंग्रजी, हे छापण्याआधी ठरवावं. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि लाँड्रीतले सगळेच कामगार मराठी वाचणारे नसतात. कपड्याला टाचायच्या चिठ्ठीवर इंग्रजी आकडे असतील, तर बिलावरही तेच ठेवावेत. महाराष्ट्रात दुकानाच्या नावाची पाटी मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे. दरपत्रक त्यात येत नाही, पण दोन्ही एकाच छापखान्यात जात असतील तर कपड्यांच्या नावांचं आणि दुकानाच्या नावाचं शुद्धलेखन एकदमच तपासून घ्यावं. बिलाच्या मागच्या बाजूचं अक्षर मात्र मोठं मागावं. देवनागरीत वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे इंग्रजीच्या आकारातच मजकूर बसवला तर त्या नीट दिसत नाहीत.

दोन्ही भाषांच्या कागदांवर एकच तारीख टाकावी. दर बदलला की दोन्ही बदलायचे, हे मालकाला लेखी द्यावं. काही बिलांवर 'फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य' अशी ओळ असते. ती मराठी बाजूला मराठीतच, आणि बाकीच्या अक्षराएवढीच मोठी असावी.